मामाचा मसाला, चार चौकोन आणि सहा आठवडे

18 ऑगस्ट 2025 ला, सोमवारी, अभ्यासकेंद्राच्या ग्रुपवर असाइनमेंटचा कागद आला. दूरशिक्षणाचं एम.बी.ए., दुसरं वर्ष, विषय स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट. ‘एका व्यवसायातील किमान चार उत्पादनांचे वाढ-हिस्सा मॅट्रिक्सच्या आधारे विश्लेषण करून गुंतवणुकीचा निर्णय सुचवा. माहिती स्वतः गोळा केलेली असावी.’ गुण 30, हस्तलिखित, जास्तीत जास्त 15 पानं, शेवटची तारीख 30 सप्टेंबर. दिवसा मी एका कारखान्यात अकाउंट्स बघते, त्यामुळे आकड्यांची भीती नव्हती. भीती वाटली ती ‘स्वतः गोळा केलेली’ या शब्दांची.

आधी आयटीसी घेणार होते. सिगारेट म्हणजे दुभती गाय, हे उदाहरण निम्म्या पुस्तकांत आहे. पण कंपनीच्या वार्षिक अहवालात तिची स्वतःची विक्री मिळते. समोरच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाची, त्याच बाजारातली विक्री मिळत नाही, आणि ती नसेल तर या मॅट्रिक्सची आडवी रेघच काढता येत नाही. चार दिवस त्यात घालवून मी सोडून दिलं. मग मामा आठवला.

मामा-मामींचा कोल्हापुरात पंधरा वर्षांचा छोटा उद्योग आहे. कांदा-लसूण मसाला, सुक्या चटण्या (शेंगदाणा, जवस, कारळ), कैरीचं लोणचं आणि तीन वर्षांपूर्वी सुरू केलेलं नाचणीच्या डोशाचं पीठ. चार उत्पादनं, आणि हिशेब टॅलीत. मामा म्हणाला, “घे की, पण नाव कुठं घालू नकोस.” म्हणून इथेही घालत नाही.

मॅट्रिक्स मुळात काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण मला ते पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या ब्रूस हेंडरसन यांनी ते 1970 मध्ये मांडलं. उभ्या रेघेवर बाजाराची वाढ, आडव्या रेघेवर सापेक्ष हिस्सा, म्हणजे आपली विक्री भागिले सगळ्यात मोठ्या स्पर्धकाची विक्री. बाजार वाढता असेल तर त्यात टिकायला पैसा ओतावा लागतो, आणि हिस्सा मोठा असेल तर पैसा हातात येतो. म्हणजे एक रेघ पैसा किती खाणार ते सांगते, दुसरी किती देणार ते. बाजार वाढता आणि हिस्सा मोठा तो तारा, बाजार संथ पण हिस्सा मोठा ती दुभती गाय, बाजार वाढता पण हिस्सा लहान ते प्रश्नचिन्ह, आणि दोन्ही कमी तो कुत्रा. ही नावं नुसती सजावट समजा. प्रश्न एकच असतो: कोणत्या उत्पादनातून पैसा काढायचा आणि कोणत्यात घालायचा.

23 आणि 24 ऑगस्टला, शनिवार-रविवार, मामाच्या टॅलीतून स्टॉक समरी काढली आणि दोन तासांत तक्ता तयार केला. मसाल्याची विक्री 2023-24 मध्ये 18.6 लाख, 2024-25 मध्ये 22.3 लाख. वाढ 20 टक्के! मसाला थेट ताऱ्यांत बसला. मी खूश, मामा खूश. मामानं तर लगेच नवं कांडप यंत्र घ्यायचा विषय काढला.

रात्री तक्ता परत बघताना दोन चुका दिसल्या, आणि माझ्या मते या असाइनमेंटमध्ये बहुतेक जण इथेच फसतात.

पहिली चूक म्हणजे मी मामाच्या विक्रीची वाढ घेतली होती. उभ्या रेघेवर आपली वाढ जात नाही, बाजाराची जाते. आपण 20 टक्के वाढलो आणि बाजार 30 टक्के वाढला, तर आपण मागे पडलो, पण माझ्या तक्त्यात ते दिसलंच नसतं. दुसरी चूक जास्त लबाड होती. मी वाढ रुपयांत मोजली होती. मामाला विचारलं, मसाल्याचा भाव बदलला का? “बदलला म्हंजे काय, 520 चा 600 केला की किलोला.” मग टॅलीतच किलो बघितले: 3,580 किलोवरून 3,720 किलो. म्हणजे वाढ जेमतेम 4 टक्के. बाकीचे 16 टक्के ही निव्वळ भाववाढ होती. ज्या उत्पादनाच्या कच्च्या मालाचा भाव वरखाली होतो तिथे रुपयांतली वाढ धरून ताऱ्यावर गुंतवणूक केली, तर ती मिरचीच्या भावावर केल्यासारखी होते. तेव्हापासून मी सगळं किलोत मोजलं. टॅलीत युनिट नीट भरलेलं असेल तर हे पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर बिलं उलगडत बसावं लागतं. लोणच्याची एन्ट्री मामींनी ‘नग’ म्हणून केली होती. अर्धा किलो आणि एक किलोच्या बरण्या वेगळ्या करायला माझे दोन दिवस गेले.

पुढचा डोंगर होता स्पर्धकाची विक्री. ती मिळवायची तर आधी बाजार कुठला ते ठरवावं लागतं. मी सुरुवातीला ‘महाराष्ट्रातला मसाल्याचा बाजार’ असं लिहिलं होतं. त्या हिशेबानं राज्यभर विकणाऱ्या कंपन्यांसमोर मामाचा हिस्सा इतका बारीक की चारही उत्पादनं लहान हिश्श्याच्या टोकाला. उलट ‘आमच्या गल्लीतला घरगुती मसाला’ असा बाजार धरला असता, तर चारही मोठ्या हिश्श्याच्या बाजूला गेली असती. एकच मसाला, बाजाराची हद्द कुठे आखली त्यावर कुत्रा किंवा गाय. यातून वाट मला मामींमुळे सापडली. मी विचारलं, “दुकानदार तुमचा मसाला संपला की त्या जागी काय देतो?” त्या म्हणाल्या, “दुसरा कांदा-लसूणच देणार की. गरम मसाला घेऊन गिऱ्हाईक करील काय?” म्हणजे बाजार ठरला: कोल्हापूर शहरातल्या किराणा दुकानांत मिळणारा पाकीटबंद कांदा-लसूण मसाला. घरी मिरच्या आणून कांडून घेणारी मंडळी यात नाहीत, हे मी असाइनमेंटमध्ये स्पष्ट लिहिलं. कोल्हापुरात ती संख्या मोठी आहे आणि उन्हाळ्यात तीच मामाची खरी स्पर्धा असते, पण ती मोजायची सोय माझ्याकडे नव्हती. बाकी तीन उत्पादनांचे बाजारही हाच प्रश्न विचारून आखले.

27 ऑगस्टला गणपती बसले. आधीच सांगते, सणात दुकानदाराकडे माहिती मागायला जाऊ नका. पहिल्या दिवशी चार दुकानं फिरले, चौघांनीही “नंतर या ताई” केलं, आणि ते बरोबरच होतं. अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला झाली आणि 8 तारखेपासून मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोन दुकानं धरली. दुपारी तीन ते पाच ही वेळ खरं तर उत्तम, पण नोकरी करणाऱ्याला ती कुठली. एकूण 12 दुकानं झाली: राजारामपुरी, शाहूपुरी, मंगळवार पेठ आणि रंकाळ्याच्या बाजूची. पेट्रोलला साधारण 300 रुपये गेले, आणि प्रत्येक दुकानात काहीतरी घ्यावं लागलं ते वेगळं. घरात अजून चार प्रकारची लोणची आहेत.

प्रश्न कसा विचारायचा ते तिसऱ्या दुकानात कळलं. “महिन्याला किती किलो विकता?” याला कुणाकडे उत्तर नसतं. “किती बॉक्स लागतात?” याला लगेच असतं. मसाल्याच्या बॉक्समध्ये 200 ग्रॅमची 50 पाकिटं असतात, म्हणजे बॉक्स दहा किलोचा. आणि “या कंपनीचा किती, त्या कंपनीचा किती” असं नाव घेऊन विचारावं, कारण ‘सगळे मिळून’ हा आकडा दुकानदार अंदाजानं फुगवून सांगतो.

बारा दुकानांची बेरीज महिन्याला अशी निघाली. मसाला: मामाचा 62 किलो, सगळ्यात मोठ्या स्पर्धकाचा 50. भागाकार 1.24. म्हणजे मामा पहिला! नाचणी पीठ: मामाचं 8, मोठ्या ब्रँडचं 20, म्हणजे 0.4. लोणचं: 9 विरुद्ध 60, म्हणजे 0.15. चटण्या: 19 विरुद्ध 20, म्हणजे 0.95. एक बारकी गोष्ट: आपण पहिल्या नंबरवर असलो तर भागायचं दुसऱ्या नंबरच्या विक्रीनं. माझ्या एका वर्गमित्रानं पहिल्याला पहिल्यानंच भागून 1 काढला होता.

बाजाराची वाढ दुकानदारांकडून मिळत नाही. मागच्या वर्षीचे बॉक्स कुणाच्या लक्षात राहणार? लक्ष्मीपुरीतल्या एका एजन्सीवाल्यांकडे मामाचा माल जातो आणि इतर बऱ्याच कंपन्यांचाही. मामानं फोन केला, तरी तीन हेलपाटे झाले. तिसरा 22 सप्टेंबरला, नेमके त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झालेले आणि सगळं दुकान दर बदलण्यात गुंतलेलं. तरी त्यांच्या मुलानं रात्री नऊला कॉम्प्युटरसमोर बसवून दोन वर्षांचे बॉक्स दाखवले, कंपन्यांची नावं न लिहिण्याच्या अटीवर. मसाला 4 टक्के, लोणचं 5, चटण्या 11, नाचणी पीठ 25. एका एजन्सीचे आकडे म्हणजे सगळा बाजार नव्हे, हे मी लिहिलं. पण माझ्या हातात त्यापेक्षा चांगलं काही नव्हतं.

आता आकृती. आडवी रेघ लॉग स्केलवर असते आणि उलटी असते, म्हणजे मोठा हिस्सा डावीकडे. लॉग का, तर दुप्पट असणं आणि निम्मं असणं ही 1 पासून सारख्याच अंतरावर दिसायला हवीत. साध्या स्केलवर 2 खूप लांब जातो आणि 0.15, 0.4, 0.95 एकमेकांना चिकटतात. लॉग ग्राफपेपर शोधत मी तीन स्टेशनरी दुकानं फिरले, मिळाला नाही. शेवटी साध्या ग्राफपेपरवरच काढलं. लॉगच्या किमती एक्सेलमधून घेतल्या:

```
=LOG10(62/50)
```

मसाल्याला 0.09, चटण्यांना -0.02, नाचणीला -0.40, लोणच्याला -0.82. शून्य म्हणजे मधली उभी सीमा. मधली आडवी सीमा बाजाराच्या 10 टक्के वाढीवर ओढली. कॉम्प्युटरवर काढायची मुभा असेल तर बबल चार्ट घ्या, आणि आडव्या अक्षाच्या Format Axis मध्ये Logarithmic scale आणि Values in reverse order या दोन खुणा करा. लॉगच्या किमती आधीच काढल्या असतील तर पहिली खूण करू नका. ऋण आकड्यांचा लॉग निघत नाही आणि दोनदा लॉग घेण्यात अर्थही नाही. वर्तुळाचा आकार म्हणजे विक्री. मसाल्याचं वर्तुळ इतकं मोठं आलं की चौकोनाची रेघ ओलांडून गेलं. मामा बघून म्हणाला, “ही गाय हाय का म्हैस?”

तर मसाला दुभती गाय, नाचणी प्रश्नचिन्ह, लोणचं कुत्रा. चटण्या रेषेवर बसल्या, उभ्याही आणि आडव्याही. पुस्तकात अशी उत्पादनं कधी नसतात.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं झालं, आता ठरलेलं उत्तर लिहायचं: गाईचं दूध काढा, प्रश्नचिन्हाला पाजा, कुत्रा हाकला. पण गाय खरंच किती दूध देते हे मी बघितलंच नव्हतं. मोठा हिस्सा म्हणजे हातात पैसा, हे हेंडरसन यांनी धरलं त्यामागे अनुभव-वक्राची कल्पना आहे: एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगाचा खर्च साधारण 20 ते 30 टक्के घटतो, म्हणून ज्यानं जास्त बनवलं त्याचा खर्च सगळ्यात कमी. कारखान्यात जुळणी करून होणाऱ्या मालाला ते पटतं. मामाच्या मसाल्याचं काय? खर्चात सगळ्यात मोठा वाटा मिरचीचा आणि खोबऱ्याचा. कितीही वर्षं मसाला केला तरी गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरची मामाला त्याच भावानं मिळते. म्हणून हिस्सा बघून नफा गृहीत धरण्यापेक्षा मी नफा सरळ मोजला.

किलोमागे 600 रुपये विक्री, माल-पॅकिंग-मजुरी-वाहतूक मिळून 430. उरले 170. वर्षाला सव्वासहा लाखांच्या वर. कागदावर छान. पण मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षाची एकदम घ्यावी लागते, त्यात साडेतीन लाख अडकतात आणि हळूहळू सुटतात. शिवाय दुकानदारांची 45 दिवसांची उधारी म्हणजे कायम पावणेतीन लाख बाहेर. घरखर्च आणि जुन्या यंत्राचा हप्ता वजा केल्यावर मामाकडे नव्या कामाला मोकळे राहतात ते साधारण दीड लाख, तेही दिवाळीनंतर. मार्चमध्ये हीच गाय चारा मागत असते. असाइनमेंटमध्ये मी हे महिन्यावार लिहिलं. मामींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणत्यात, त्या अशा.”

नव्या कांडप यंत्राला मी नाही म्हटलं. 4 टक्के वाढणाऱ्या बाजारात, जुनं यंत्र नीट चालत असताना क्षमता वाढवून विकायचं कुठे? मामा दोन दिवस गप्प होता.

नाचणीवर जास्त वेळ गेला. 25 टक्के वाढ आकर्षक आहे. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष जाहीर केलं होतं, त्यानंतर दुकानांत नाचणीला वेगळी फळी मिळाली, असं दोन दुकानदारांनी सांगितलं. पण वाढत्या बाजारात 0.4 वर असणं म्हणजे मोठा ब्रँड अडीच पट पुढे आहे, आणि त्याच्याएवढा वेग ठेवला तरी अंतर तेवढंच राहणार. अंतर कमी करायचं तर 25 पेक्षा जास्त वाढावं लागेल. दुकानदारांच्या तक्रारी दोनच होत्या: पाकीट पातळ असल्यानं पावसाळ्यात पिठात किडे होतात, आणि मोठा ब्रँड कमिशन जास्त देतो. पहिलीवर इलाज आहे, जाड पाऊच आणि चांगलं सीलिंग मशीन. दुसरीवर मामा टिकणार नाही. म्हणून मी दीड लाख नाही, 40 हजार सुचवले, सहा महिन्यांसाठी, आणि अट घातली: त्याच 12 दुकानांत हिस्सा 0.6 च्या वर गेला तर पुढचा हप्ता, नाहीतर थांबायचं. चटण्यांना कच्च्या मालापुरते पैसे, म्हणजे आहे ती जागा जायला नको.

लोणच्यावर मामींशी वाद झाला. “लोणचं बंद कर म्हणतीस? दुकानदार लोणचं हाय म्हणून मसाला घेत्यात.” हे खरं असेल तर मॅट्रिक्सला ते दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक उत्पादन एकटं उभं असतं. मी तीन महिन्यांची बिलं तपासली. लोणचं असलेली 40 बिलं, त्यांतल्या 31 वर मसालाही. मी आनंदानं लिहायला बसले आणि थांबले. मसाला तर बहुतेक सगळ्याच बिलांवर असतो! मग लोणचं घेणारी आणि न घेणारी दुकानं वेगळी काढली. घेणारी मसालाही जास्त घेतात, पण ती मुळातच मोठी दुकानं आहेत. म्हणजे मामींचं म्हणणं सिद्ध झालं नाही आणि खोडलंही गेलं नाही. तेच लिहिलं. शिफारस अशी केली की लोणच्यात नवा पैसा घालायचा नाही, मे-जूनमध्ये कैरीच्या हंगामात एकच घाणा करायचा आणि सहा दुकानांत मुद्दाम थांबवून मसाल्याचे बॉक्स मोजायचे.

29 सप्टेंबरच्या रात्री एकपर्यंत लिहिलं, 14 पानं. 30 ला अर्धी रजा टाकून केंद्रावर गेले, तर पहिलं पान जुन्या नमुन्यातलं म्हणून परत केलं. नवा नमुना खालच्या झेरॉक्सवाल्याकडे, 5 रुपये. स्पायरल 40 रुपये. पावती मागून घ्या आणि तिचा फोटो काढा. मागच्या सत्रात माझी एक असाइनमेंट ‘मिळालीच नाही’ झाली होती आणि पावती नव्हती.

तोंडी परीक्षा 15 नोव्हेंबरला, सात-आठ मिनिटांची. सरांनी एकच खोदून विचारलं, “10 टक्क्यांची रेघ कुठून आणली?” पुस्तकातून, असं मी खरं सांगितलं. पण परिशिष्टात 8 आणि 12 वरही रेघ ओढून बघितली होती: तीन उत्पादनं जागची हलत नाहीत, फक्त 12 वर चटण्या खाली जातात. त्यांनी ते पान शोधून वाचलं. गुण 24 आले. लोणच्याच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, ‘सहा दुकानं कोणत्या निकषावर निवडणार?’ ते मी लिहिलं नव्हतं.

मामानं डिसेंबरमध्ये सीलिंग मशीन घेतलं, 40 हजारांत पाऊचसकट बसलं. सहा महिने अजून झालेले नाहीत. लोणच्यासाठी कोणती सहा दुकानं धरायची, यावर मी आणि मामी अजून भांडतोय.